व्हीपीएन दर थोड्या वेळाने का तुटतं?

ओपनव्हीपीएनवर घरून काम करताना तुम्ही कागद वाचत बसता आणि जोडणी तुटते. आधी एक चाचणी करा. ऑफिसच्या एखाद्या यंत्राला व्हीपीएनमधूनच सतत पिंग करत राहा. तरीही तुटलं, तर वायफाय किंवा इंटरनेट तपासा. पिंग चालू असताना टिकलं, तर दोष शांततेचा आहे.

मग लॉग उघडा. तिथे `ping-restart` दिसलं, तर समोरून ठरलेल्या वेळेत काहीच आलेलं नाही. बहुधा घरचा राउटर गप्प यूडीपी जोडणीची नोंद पुसतो. काही राउटर तर 30 सेकंदांतच. सर्व्हरवर साठ सेकंदांचा कीपअलाइव्ह असेल, तर तो उशिराच पोहोचतो. तिथे ही ओळ हवी:

```
keepalive 10 60
```

म्हणजे दर 10 सेकंदांनी खूण पाठवायची आणि 60 सेकंद समोरून काहीच आलं नाही, तर पुन्हा जोडायचं. मोबाइलची बॅटरी मात्र यात थोडी जास्त जाते.

लॉगमध्ये `inactive` दिसलं, तर गोष्ट वेगळी. ती ऑफिसने मुद्दाम घातलेली निष्क्रियतेची मर्यादा असते, आणि कीपअलाइव्हच्या खुणा तिच्या हिशेबात धरल्याच जात नाहीत. खोटा पिंग चालू ठेवून ती चुकवू नका. लॉगची ती ओळ दाखवून आयटी विभागाकडे मर्यादा वाढवून मागा.