हळदीचा डाग लाल का होतो? तीन मिनिटांच्या व्हिडिओची पटकथा

शर्टावर भाजीचा डाग पडला आणि त्यावर कपड्यांचा साबण घासला, की पिवळा डाग लालसर होतो. भरपूर पाण्याने खळबळला, की पुन्हा पिवळा दिसतो. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ल-आम्लारीचा व्हिडिओ करायचा, तर सुरुवात इथूनच करावी.

दृश्य १ : पट्ट्या
एक चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर पातळ लावा. कागद वाळला की बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा.
निवेदन : “हळदीतला कर्क्युमिन हा पिवळा रंग आम्लारीत लाल होतो. म्हणून हळद हा दर्शक.”

दृश्य २ : तीन वाट्या
पहिल्या वाटीत साधे पाणी, दुसरीत लिंबाचा रस, तिसरीत चुन्याची निवळी. निवळीसाठी खायचा चुना पाण्यात ढवळून ठेवा आणि वरचे स्वच्छ पाणी घ्या. चुना डोळ्यात गेल्यास इजा होते, त्यामुळे हे काम मोठ्यांनीच करावे.
प्रत्येक वाटीत एक पट्टी बुडवा. निवळीतली लगेच लाल होते, बाकी दोन पिवळ्याच राहतात.

इथेच अनेक व्हिडिओ चुकतात. लिंबातली पट्टी पिवळी राहिली, म्हणून “हळद आम्ल ओळखते” असे सांगितले जाते. पण पाण्यातलीही पिवळीच आहे. म्हणजे हळद फक्त आम्लारी ओळखते. आम्ल आणि उदासीन पदार्थ यांतला फरक तिला कळत नाही. पाण्याची वाटी ठेवायची ती यासाठीच. शिवाय ओली पट्टी थोडी गडद दिसते. तो रंगबदल नव्हे, हेही तिच्याशी तुलना केल्यावर कळते.

दृश्य ३ : लाल पट्टीवर लिंबू
कॅमेरा जवळ न्या. लाल पट्टीवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. थेंब पडला तेवढा भाग पुन्हा पिवळा होतो.
निवेदन : “लिंबातल्या आम्लाने चुन्यातली आम्लारी संपवली. हे उदासिनीकरण.”
शर्टावरचा डाग मात्र लिंबाने नव्हे, तर पाण्याने पिवळा होतो. पाण्यासोबत साबण निघून जातो, एवढेच.

रंग आला नाही तर?
खाण्याच्या सोड्याने पट्टी जेमतेम नारिंगी होते, कारण त्याचे द्रावण सौम्य आम्लारी असते. हळदीचा रंग साधारण साडेसात ते साडेआठ पीएचच्या दरम्यान बदलतो आणि सोड्याचे द्रावण त्याच टप्प्यात येते. ठळक लाल हवा असेल तर चुना किंवा धुण्याचा सोडा वापरा. भांडी घासण्याचे काही द्रव साबण जवळपास उदासीन असतात. त्यांत पट्टी पिवळीच राहू शकते.

चित्रीकरण दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या ताटलीवर करा. पिवळ्या बल्बखाली पिवळा आणि नारिंगी यांतला फरक मोबाइलवर दिसत नाही.