एका ओळीने फुगलेला नफा

निफ्टीचा बंद भाव ५० दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की घ्यायचं, खाली आला की विकून मोकळं व्हायचं. हा नियम जुन्या भावांवर तपासणं एक्सेलमध्ये तासाभराचं काम आहे. B रकान्यात बंद भाव, C मध्ये सरासरी, D मध्ये घ्यायचं असेल तर १, नाहीतर ०. मग त्या दिवसाचा परतावा काढायचा, आणि बहुतेक जण इथेच फसतात:

```
चूक:    =D52*(B52/B51-1)
बरोबर:  =D51*(B52/B51-1)
```

समजा काल भाव १०० होता, आज १०४ वर बंद झाला आणि सरासरी आहे १०२. भाव सरासरीच्या वर गेला हे कळतं ते बाजार बंद होताना. पहिलं सूत्र मात्र आजची चार टक्क्यांची वाढ खिशात घालतं, म्हणजे संध्याकाळी कळलेल्या गोष्टीवर आदल्या संध्याकाळीच खरेदी झाली असं धरतं. पायथनमध्ये हीच दुरुस्ती `shift(1)` ने होते. दुसरं सूत्रही जरा उदारच आहे. ते सिग्नल मिळाला त्याच बंद भावाला सौदा झाला असं मानतं. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशीचा उघडता भाव धरणं जास्त प्रामाणिक.

चूक पकडायची एक सोपी युक्ती आहे. `RAND()` वापरून नाणेफेकीसारखे वर-खाली होणारे बनावट भाव तयार करायचे आणि त्यांवर नियम चालवायचा. असे भाव कुणालाच आधी ओळखता येत नाहीत. तरीही प्रत्येक वेळी घसघशीत नफा दिसला, तर कुठेतरी उद्याचा आकडा आजच्या ओळीत शिरला आहे.

सूत्र बरोबर असलं तरी दुसरा सापळा उरतोच. ५० ऐवजी ५ ते २०० दिवसांपर्यंतच्या सगळ्या सरासऱ्या चालवल्या, तर १९६ नियम होतात. त्यातला एखादा निव्वळ योगायोगानेही चमकतो. ४७ दिवसांची सरासरी पैसे देते आणि ४६ व ४८ ची तोटा, असं दिसलं की ४७ वर विश्वास ठेवू नये. शेजारच्या आकड्यांनीही साधारण तसंच वागायला हवं. म्हणूनच शेवटची काही वर्षं बाजूला ठेवतात, नियम आधीच्या वर्षांवर निवडतात आणि राखीव वर्षांवर एकदाच चालवतात. निकाल पाहून नियम बदलला, की ती वर्षं राखीव राहत नाहीत.

अमेरिकेतले गुंतवणूक संशोधक डेव्हिड लाइनवेबर यांनी योगायोगाने जुळणाऱ्या अशा नियमांची मुद्दाम थट्टा केली. असंख्य आकडेवाऱ्या चाळून त्यांनी एस अँड पी ५०० निर्देशांकाशी सर्वांत छान जुळणारी एक शोधली: बांगलादेशातलं लोण्याचं उत्पादन. निर्देशांकातले सुमारे ७५ टक्के चढउतार तिने ‘समजावले’. अमेरिकेतलं चीज आणि दोन्ही देशांतल्या मेंढ्या जोडल्यावर आकडा ९९ टक्क्यांवर गेला. पुढे बांगलादेशातल्या लोण्याचे ताजे आकडे विचारणारे फोनही त्यांना येत राहिले.