झाकण मिटलं तरी बाजार चालू

सांगलीच्या माझ्या मावसभावाचं बाजाराचं गणित साधं आहे. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की पहिली पाच मिनिटं नुसतं बघायचं, ठरलेल्या पन्नास शेअरांपैकी एखादा त्याच्या नियमात बसला तर थोडे घ्यायचे, आणि दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी विकून मोकळं व्हायचं. हे सगळं तो पायथनमध्ये लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रामकडून करून घेतो. ब्रोकर आपल्या ग्राहकांना एपीआय देतात, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने भाव विचारायचा आणि ऑर्डर टाकायची सोय. दीड वर्ष हा प्रोग्राम त्याच्या दुकानातल्या लॅपटॉपवर चालत होता.

एका दुपारी बारा चाळीसला वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, राउटर मात्र बंद पडला. त्याच्याकडे ४१२ रुपयांनी घेतलेले २०० शेअर होते आणि भाव ४०८ वर आला की विकायचे असं प्रोग्रामला सांगितलेलं होतं. पडद्यावर ४१०.२० हा भाव शांतपणे दिसत होता, कारण वीज गेली तेव्हाचा तोच शेवटचा भाव होता. दुवा तुटल्याची बातमी प्रोग्रामला लगेच मिळतेच असं नाही. समोरून काही येत नाही, म्हणजे भाव हललेला नाही, असं समजून तो वाट बघत बसतो. सव्वा वाजता वीज आली, प्रोग्रामला खरा भाव दिसला आणि त्याने इमानाने ४०१ ला माल विकला. आठशेच्या जागी बावीसशे रुपयांचा तोटा. "दादा, प्रोग्राम चुकला नाही, तो तिथे नव्हताच," असं तो मला फोनवर म्हणाला.

त्यानंतर त्याने क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतला. नाव भारदस्त असलं तरी वस्तू लहान असते. मोठ्या डेटा सेंटरमधल्या यंत्राचा एक तुकडा, एक प्रोसेसर आणि एक जीबी मेमरी, वर उबुंटू लिनक्स. पडदा नाही, कीबोर्ड नाही; आपण आपल्या संगणकावरून एसएसएचने आत शिरायचं. महिन्याचं भाडं साधारण पाचशे ते आठशे रुपये. तिथे वीज गेली तर जनरेटर असतो, इंटरनेटच्या एकापेक्षा जास्त वाटा असतात, आणि कुणी झाकण मिटवून यंत्राला झोपवत नाही. विंडोजचं अपडेट भर बाजारात यंत्र बंद-चालू करत नाही. मुख्य फायदा हाच.

वेगाचा फायदा लोक फार सांगतात. त्यात तथ्य आहे, पण थोडं. सर्व्हर घेताना तो कोणत्या शहरातला हवा ते निवडता येतं, आणि शेअर बाजार मुंबईत असल्याने मुंबईच निवडावी. चुकून अमेरिकेतला घेतला तर प्रत्येक निरोपाच्या जाण्यायेण्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. पण पाच-पाच मिनिटांनी निर्णय घेणाऱ्याला तेवढ्याने काय फरक पडणार? एक्स्चेंजच्याच आवारात यंत्रं ठेवून मिलिसेकंदाच्या आत सौदे करणाऱ्या संस्थांशी पाचशे रुपयांच्या सर्व्हरने स्पर्धा होत नाही, आणि ती करायचीही नसते.

पत्त्याचा फायदा मात्र खरोखर मोठा आहे. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो, आणि बऱ्याचदा कंपनी अनेक घरांना मिळून एकच पत्ता देते. ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो व्यवहारांसाठी चौकट घालून दिली. त्यात एपीआयने येणारी ऑर्डर ब्रोकरकडे आधी नोंदवलेल्या, न बदलणाऱ्या पत्त्यावरूनच यावी ही अट आहे. सेकंदाला दहाच्या आत ऑर्डर टाकणाऱ्याला आपला नियम एक्स्चेंजकडे वेगळा नोंदवावा लागत नाही, पण पत्ता त्यालाही लागतो. क्लाउडवर असा स्थिर पत्ता सहज मिळतो. तो आपल्या नावावर राखून ठेवला आहे ना, एवढं मात्र पाहावं. काही ठिकाणी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की राखून न ठेवलेला पत्ता बदलतो. दुसरी गंमत अशी की सर्व्हरला जुन्या आणि नव्या पद्धतीचे दोन पत्ते असू शकतात. ब्रोकरकडे जुना नोंदवलेला, ऑर्डर निघते नव्यावरून, आणि ती नाकारली जाते. जुन्या पद्धतीचा पत्ता कोणता ते सर्व्हरवरच विचारता येतं:

```
curl -4 ifconfig.me
```

इथे `-4` च्या जागी `-6` घालून उत्तर आलं, तर नव्या पद्धतीचा पत्ताही चालू आहे असं समजायचं आणि ब्रोकरकडे काय नोंदवलंय ते तपासायचं.

मावसभावाचा सर्व्हरवरचा पहिला दिवस फुकट गेला. प्रोग्राम सकाळी नऊ पाचला सुरू व्हावा असं त्याने क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या लिनक्सच्या सोयीला, सांगून ठेवलं होतं. नऊ पाच झाले, काही हललं नाही. प्रोग्राम जागा झाला तो दुपारी दोन पस्तीसला! नवा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपण त्याच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहोत. उपाय दोन ओळींचा आहे. दुसरी ओळ विसरली तर क्रॉन जुन्याच वेळेवर चालत राहतो:

```
sudo timedatectl set-timezone Asia/Kolkata
sudo systemctl restart cron
```

दुसरी फजिती महिन्याभराने झाली, आणि ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी. सर्व्हरवरचा प्रोग्राम पडला तर आपोआप पुन्हा उभा करायची सोय लिनक्समध्ये आहे; सिस्टमडीच्या फाइलमध्ये `Restart=on-failure` एवढं लिहिलं की झालं. त्याने ते लिहिलं आणि निर्धास्त झाला. एके दिवशी अकराच्या सुमाराला पाहिलं तर खात्यात २०० ऐवजी ४०० शेअर.

घडलं ते असं. प्रोग्राम पन्नास शेअरांचा सहा महिन्यांचा मिनिटामिनिटाचा भाव मेमरीत घेत असे. बाजार रोज ३७५ मिनिटं चालतो. सहा महिन्यांचे सव्वाशे दिवस धरले तर पन्नास शेअरांच्या मिळून तेवीस लाखांहून जास्त ओळी होतात. हिशेब करताना त्यांच्या दोन-तीन प्रती बनतात. लॅपटॉपच्या सोळा जीबीत हे खपून जात होतं, एक जीबीत खपलं नाही. मेमरी संपली की लिनक्स सर्वांत जास्त जागा अडवणाऱ्या कामाला सरळ ठार मारतो. प्रोग्राम मेला आणि सिस्टमडीने तो पुन्हा उभा केला. पण नव्याने उठलेल्या प्रोग्रामला सकाळची खरेदी आठवतच नव्हती. नियम पाहिला, शेअर बसतोय म्हटलं आणि पुन्हा २०० घेतले.

लॅपटॉपवर असं झालं नसतं, कारण तिथे पडलेला प्रोग्राम पडूनच राहिला असता. आपोआप उठणं ही सुधारणा खरीच, पण उठणाऱ्याने आधी डोळे उघडून पाहिलं पाहिजे. आता त्याचा प्रोग्राम सुरू होताच पहिलं काम करतो ते ब्रोकरला विचारायचं: आज माझ्या नावावर कोणत्या ऑर्डर गेल्या, आणि आत्ता हातात काय आहे? स्वतःच्या आठवणीवर तो विश्वास ठेवत नाही. ऑर्डर पाठवली आणि उत्तर येण्याआधीच दुवा तुटला, तरी हीच रीत. पुन्हा पाठवायची नाही, आधी ब्रोकरच्या ऑर्डर बुकमध्ये शोधायची. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरला तो स्वतःची एक खूण लावतो. मेमरीचं कारण खरंच तेच होतं का, हे त्याने या ओळीने शोधलं:

```
journalctl -k | grep -i "out of memory"
```

मग त्याने जुना डेटा डिस्कवर ठेवला आणि एका वेळी एकच शेअर मेमरीत घ्यायला सुरुवात केली. भाडं वाढवून दोन जीबी घेण्याची गरज पडली नाही.

विजेच्या त्या दुपारबद्दल माझं मत मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. तोट्याचा सगळा दोष लॅपटॉपवर टाकता येणार नाही. ४०८ ला विकण्याचा हुकूम प्रोग्रामच्या पोटात कशाला ठेवायचा? खरेदी होताच स्टॉप-लॉस ऑर्डर एक्स्चेंजकडे जाऊन बसली असती, तर सांगलीत वीज असो की नसो, ती तिच्या भावाला जागी झाली असती. भाव एकदम खाली कोसळला तर तीही ४०८ च्या खाली सुटू शकते, किंवा मर्यादा घातलेली असेल तर सुटणारच नाही. पण अंधारात बसण्यापेक्षा बरी. सर्व्हर घेतल्यावर त्याने हेही केलं. मुंबईतलं डेटा सेंटरही कधीतरी बंद पडतं.

सकाळचं लॉगिन मात्र सर्व्हरने सोडवलेलं नाही. एपीआयची परवानगी रोज संपते आणि दुसऱ्या दिवशी दोन टप्प्यांच्या ओळखीने नव्याने घ्यावी लागते. पासवर्ड आणि कोड सर्व्हरवर ठेवून हेही आपोआप करणारे लोक आहेत. मावसभाऊ ते करत नाही, आणि मला ते पटतं. इंटरनेटवर उघड्या असलेल्या यंत्राचं दार कुणी ना कुणी सतत ठोठावत असतं. नवा सर्व्हर सुरू करून तासाभराने लॉगिनची नोंद पाहिली तर अनोळखी प्रयत्नांची रांग दिसते. म्हणून आत शिरायला पासवर्ड बंद, फक्त किल्लीची फाइल. रोज सकाळी चहा घेता घेता तो फोनवरून लॉगिन करतो आणि त्या दिवसाची परवानगी सर्व्हरकडे जाते. नऊ दहापर्यंत ती आली नाही तर सर्व्हरच त्याला टेलिग्रामवर निरोप पाठवतो.

निरोपांची सवय त्याने नंतर वाढवली. दर अर्ध्या तासाला "चालू आहे, शेवटचा भाव इतक्या वाजताचा" एवढीच ओळ येते. त्यातली वेळ महत्त्वाची. भरपूर उलाढालीच्या शेअरचा शेवटचा भाव पंधरा सेकंदांहून जुना झाला, तर प्रोग्राम तो भाव शिळा मानतो आणि नवी खरेदी थांबवतो. ४१०.२० ची ती दुपार आता परत आली तर पकडली जाईल. आणि निरोपच आला नाही, तर सर्व्हरच गेला असं समजून तो ब्रोकरचं ॲप उघडतो.

राहिलं दिनदर्शिकेचं. क्रॉनला त्याने सोमवार ते शुक्रवार सांगितलं होतं. १ फेब्रुवारी २०२५ ला, शनिवारी, अर्थसंकल्पासाठी बाजार पूर्ण वेळ उघडा होता आणि सर्व्हर झोपलेला. त्याच वर्षी लक्ष्मीपूजनाला, २१ ऑक्टोबरच्या मंगळवारी, उलटं झालं असतं: प्रोग्राम सकाळी उठून बसला असता आणि मुहूर्ताचे सौदे तर दुपारी पावणेदोनला सुरू झाले. तोपर्यंत त्याने एक साधी फाइल केली होती. एक्स्चेंज वर्षाच्या सुट्ट्यांची यादी काढतं, ती तो दर डिसेंबरात हाताने त्या फाइलमध्ये उतरवतो, आणि प्रोग्राम उठल्यावर आधी ती बघतो. मुहूर्ताच्या दिवशी प्रोग्राम बंद ठेवतो. त्या तासाला त्याची आई एक शेअर स्वतःच्या हाताने घेते.