दूध तोडल्यावरचे पहिले दोन दिवस

दोडामार्गजवळच्या एका वाडीतून फोन आला, तेव्हा पिल्लं मायपासून तोडून पाच दिवस झाले होते. दहा पिल्लांपैकी सात हगत होती आणि एक सकाळी मेलेलं सापडलं होतं. मी पोहोचलो तर कोपऱ्यात सगळी एकमेकांवर रचून पडलेली. पिवळट, पाण्यासारखी पातळ हगवण, शेपटीखालची कातडी लालभडक, डोळे खोल गेलेले.

"परवापर्यंत चांगली खात होती हो डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "परवा तर खाद्यावर नुसती तुटून पडली."

"आणि त्याच्या आधीचे दोन दिवस?"

"तेव्हा रडतच होती. तोंड लावलं नाही कशाला."

आजाराची सुरुवात त्या न खाल्लेल्या दोन दिवसांत झाली होती. बहुतेक पाळणारे हगवण दिसली की औषध शोधतात. पण जंतूला वाट करून देते ती उपासमार, आणि हे कळलं की सगळी व्यवस्था वेगळ्या रीतीने लावता येते.

डुकरीण दिवसरात्र मिळून वीसेक वेळा, साधारण तासातासाने, पिल्लांना पाजते. ती हाक देते, पिल्लं धावतात, प्रत्येकाचा सड ठरलेला असतो. भूक आणि तहान दोन्ही त्या दुधानेच भागतात. एका सकाळी माय नाहीशी होते आणि समोर कोरडा भरडा येतो. हे अन्न आहे हे पिल्लाला माहीतच नसतं. ते पाणी पितं, पोट भरल्यासारखं वाटून गप्प होतं, आणि आपण समजतो की रुळलं. तोडल्यावर पहिल्या दिवसात जवळपास निम्मी पिल्लंच खाद्याला तोंड लावतात. काही तर दोन दिवस काहीच खात नाहीत.

आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्न तिथेच शोषलं जातं. या उंचवट्यांचं स्वतःचं पोषण मुख्यतः आतड्यातून जाणाऱ्या अन्नावरच चालतं. अन्न थांबलं की ते झिजतात. एका दिवसात त्यांची उंची साधारण पाऊण राहते आणि पाचव्या दिवसापर्यंत निम्म्यावर येते. अशा झिजलेल्या आतड्यात तिसऱ्या दिवशी भुकेलं पिल्लू पोटभर भरडा ढकलतं. तो पचत नाही. त्यातली प्रथिनं मोठ्या आतड्यात कुजतात आणि जंतूंना मेजवानी मिळते. त्याच वेळी दुधातून मिळणारं मायचं संरक्षक कवचही संपलेलं असतं. पिल्लाच्या जठरात अजून पुरेसं आम्ल तयार होत नाही, त्यामुळे गिळलेला जंतू तिथे मरतही नाही.

हा जंतू म्हणजे ई. कोलाय. निरोगी डुकराच्या आतड्यातही त्याचे असंख्य भाऊबंद असतात. पण काही जातींना बारीक केसांसारखे आकडे असतात. त्यांनी ते आतड्याच्या भिंतीला चिकटतात आणि विष सोडतात. त्या विषाने पिल्लाच्या अंगातलं पाणी आतड्यात ओतलं जातं. म्हणून पिल्लू मरतं ते अंग सुकून. काही पिल्लांच्या आतड्यात त्या आकड्यांना अडकायला जागाच नसते आणि हे आईबापांकडून येतं. एकाच कप्प्यात शेजारी सात हगत असताना तीन ठणठणीत का, याचं हे एक कारण.

मी लाल लिटमस कागदाची पट्टी हगवणीत टेकवली. ती निळी झाली. ई. कोलायची हगवण बहुधा अल्कधर्मी असते, उलट रोटा विषाणूची आम्लाकडे झुकते. पट्टी अंदाज देते, खात्री नाही, म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. तोपर्यंत मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून उथळ ताटात ठेवलं आणि शेजारी साधं पाणीही. या हगवणीत ग्लुकोज आणि मीठ एकत्र शोषून घेण्याची आतड्याची ताकद शाबूत राहते, त्यामुळे सरबताने पिल्लू सावरू शकतं. खाद्य बंद केलं नाही, थोडं थोडं करून दिलं. प्रतिजैविक अहवाल आल्यावरच, ज्याला जंतू दाद देतो तेच. पूर्वी यासाठी कोलिस्टिन सर्रास वापरलं जाई. माणसांसाठी ते अगदी शेवटचं औषध म्हणून राखायचं असल्याने भारतात 2019 मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी त्यावर बंदी आली. युरोपात खाद्यात झिंक ऑक्साइड मोठ्या मात्रेत मिसळून ही हगवण रोखत. जस्त शेणातून जमिनीत साठतं आणि जंतूंची प्रतिजैविकांना दाद न देण्याची सवयही वाढते, म्हणून जून 2022 पासून तेही तिथे बंद झालं. डबा उघडून प्रश्न सोडवण्याचे दिवस संपत आले आहेत, आणि मला ते योग्यच वाटतं.

आणखी एक पिल्लू गेलं. उरलेली आठ वाचली, पण तोडताना सरासरी सात किलो असलेली ती बाराव्या दिवशीही सातच किलो भरली. दुधावर असताना रोज दोनशे ग्रॅमच्या वर वाढणारं पिल्लू बारा दिवस जागच्या जागी थांबलं.

त्याच डुकरिणीच्या पुढच्या वेताला वहिनींनी वेगळा घाट घातला. पिल्लं दहा दिवसांची झाल्यापासून मायला पोहोचता येणार नाही अशा कोपऱ्यात मूठभर खाद्य, रोज ताजं. तोडायचं वय अठ्ठावीस दिवसांवरून पाच आठवड्यांवर नेलं. डुकरीण त्यामुळे आठवडाभर उशिरा माजावर येते, पण चार-पाच डुकरिणी पाळणाऱ्या घराला तो तोटा झेपतो. तोडायच्या दिवशी पिल्लं हलवली नाहीत, मायलाच दुसरीकडे नेलं. ओळखीची जागा, तीच भावंडं. खाली कोरडं भाताचं पेंढं, एका कोपऱ्यात दिवा. पिल्लं एकमेकांवर रचून झोपली तर थंडी आहे, पसरून झोपली तर ऊब पुरेशी आहे.

खाणं म्हणजे कण्यांची मऊ पेज. तिच्यात पिल्लांचं खाद्य आणि कोमट पाणी घालून सरबरीत कालवण. शिजलेला भात लहान आतड्यातच जवळजवळ सगळा पचतो, जंतूंसाठी फार उरत नाही. खाद्यातली प्रथिनंही अठरा टक्क्यांच्या आत ठेवली. उथळ पराती, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, तासाभरात उरलेलं उचलून परात धुवायची. परातीत आंबलेलं कालवण राहिलं तर सगळी मेहनत वाया. चौथ्या दिवसापासून घट्ट करत आठवड्याने कोरड्यावर.

आणि खडू. तोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी एकेक पिल्लू उचलून बरगडीमागे बोटं दाबून पाहिली. भरलेलं पोट घट्ट आणि गोल लागतं, रिकामं आत जातं. चार पिल्लांच्या पाठीवर निळी फुली मारली. त्यांना बोटाला कालवण लावून चाटवलं, तोंड परातीत टेकवलं. संध्याकाळी पुन्हा दाबून पाहिलं, दोनच फुल्या उरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एकही नाही.

हगवण या वेळीही आली, दोन पिल्लांना, चौथ्या दिवशी. सरबतावर दोन दिवसांत थांबली. सातव्या दिवशी काट्यावर घातली तेव्हा दहाही पिल्लं तोडायच्या दिवसापेक्षा जड होती. सगळ्यात कमी वाढलेली दोन तीच होती, ज्यांच्या पाठीवर संध्याकाळपर्यंत फुली राहिली होती.