सर्व्हेअरचे नेमणूकपत्र

मोठ्या विमा दाव्यात नुकसानीचा आकडा कंपनीने स्वतः ठरवायचा नसतो. विमा कायदा, 1938 मधील कलम 64यूएम आणि त्याखालील नियमांनुसार, ठरावीक रकमेपुढील दाव्यासाठी परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो. त्याचे काम क्लेम मॅनेजरच्या नेमणूकपत्रापासून सुरू होते.

समजा, भिवंडीत कापडाच्या गोदामाला आग लागली. पत्रात पॉलिसी क्रमांक, विम्याची रक्कम, घटनेची तारीख आणि गोदामाचा पत्ता येतो. पॉलिसीची प्रत सर्व शर्तींसह सोबत जोडतात. नेमला जाणारा सर्व्हेअर अग्निविमा विभागाचा परवाना असलेलाच हवा आणि त्याचे विमेदाराशी हितसंबंध नसावेत.

कामाची व्याप्ती हा पत्राचा गाभा. ‘नुकसान तपासा’ एवढेच लिहिले, तर जळालेल्या मालाची यादी येते, पण मूळ प्रश्न तसेच राहतात. आग कशामुळे लागली? जळालेला माल विमा उतरवलेल्या जागेतच होता का? त्या दिवशी गोदामात एकूण किती साठा होता? याची उत्तरे साठा नोंदवही, खरेदी-विक्रीची बिले, जीएसटी विवरणपत्रे आणि बँकेला दिलेली साठापत्रके एकमेकांशी ताडून मिळतात. शॉर्टसर्किटचा संशय असला, तरी पत्रात तसे कारण गृहीत धरू नये. निष्कर्ष सर्व्हेअरने पुराव्यावरून काढायचा असतो.

मुदत टप्प्याटप्प्याने दिली तर उपयोगी पडते: दोन दिवसांत स्थळपाहणी, आठवड्याभरात अंदाजित नुकसान सांगणारा प्राथमिक अहवाल आणि नियामकाने घातलेल्या मर्यादेत अंतिम अहवाल. पाहणी लांबली की मलबा हलतो आणि जळका माल किती होता हे मोजता येत नाही. कागदपत्रे मिळत नसतील, तर विमेदाराला लेखी मागणी करून तिची प्रत कंपनीला द्यावी, असेही पत्रात नमूद करतात.

अहवालाच्या नमुन्यात हिशेबाची प्रत्येक पायरी वेगळी मागावी. गोदामात 1 कोटीचा साठा होता, विमा 75 लाखांचा होता आणि 40 लाखांचा माल जळाला, असे धरू. अर्धवट जळालेला माल विकून 4 लाख आले, तर निव्वळ नुकसान 36 लाख. विमा साठ्याच्या 75 टक्केच असल्याने, पॉलिसीत कमी विम्याची अट लागू असेल तर 27 लाख उरतात. त्यातून पॉलिसीतील वजावट निघते. केवळ शेवटचा आकडा दिला, तर कपात कुठे झाली हे विमेदाराला कळत नाही. फोटो, मोजणीपत्रके आणि जबाब परिशिष्टात जोडले जातात.

सर्व्हेअरची नेमणूक म्हणजे दाव्याची मंजुरी नव्हे, हेही पत्रात स्पष्ट लिहितात. दावा देय आहे की नाही हे कंपनी ठरवते. सर्व्हेअरने काढलेल्या रकमेपेक्षा वेगळी रक्कम देण्याचा अधिकारही कायद्याने तिला दिला आहे. मात्र त्यामागे सांगता येईल असे कारण लागते.