रोज एक मिलिमीटर

काच लागून मनगटातली मीडियन नस तुटली की अंगठ्याजवळची बोटं बधिर होतात. शल्यचिकित्सक टोकं जोडतात, पण संवेदना लगेच येत नाही, कारण तुटलेल्या जागेपुढचा तंतू काही दिवसांतच विरघळतो. त्याचं पोषण पाठीच्या कण्यालगतच्या पेशीतून यायचं, ती वाट बंद झालेली असते.

मग श्वान पेशी कामाला लागतात. नेहमी तंतूभोवती मायलिनचं वेष्टन धरणाऱ्या या पेशी ते सोडून देतात, भक्षक पेशींच्या मदतीने कचरा साफ करतात आणि रांगेत उभ्या राहून नव्या अंकुराला वाट दाखवतात. मेंदूत हेच वेष्टन ऑलिगोडेंड्रोसाइट घालतात. त्या अशी वाट करत नाहीत, म्हणून तिथली तुटलेली वाट सहसा तुटलेलीच राहते.

अंकुर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. त्याचा सांगाडा घडवणारी प्रथिनं तंतूतून जवळपास याच संथ गतीने सरकतात. मनगटापासून बोटाचं टोक सतरा सेंटिमीटर धरलं, तर सहा महिने झालेच. प्रगती कळते ती नसेवर टिचकी मारून: जिथे झिणझिण्या येतात, तिथवर अंकुर पोहोचलेला असतो. ती जागा महिनोन्महिने हललीच नाही, तर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. फार उशीर झाला तर श्वान पेशीही थकतात.