दोन शब्द बदलले आणि वाक्य दिसेनासं झालं

समजा, मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीवर पीएच.डी. करणाऱ्या एका संशोधिकेच्या छापून आलेल्या निबंधात हे वाक्य आहे: ‘परतीचा पाऊस कमी झाला की विहिरीचे पाणी बघून शेतकरी गव्हाऐवजी हरभरा पेरतात.’ आता प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहिताना तिला नेमकी हीच गोष्ट पुन्हा सांगायची आहे. वाक्य तिचंच, मुलाखती तिच्याच. मग अडचण कुठे येते?

आधी साम्य शोधणारं सॉफ्टवेअर हे वाक्य कसं बघतं ते पाहू, कारण ते फार विलक्षण आहे. अशा सॉफ्टवेअरची एक मूळ पद्धत अर्थाकडे बघतच नाही. ती सलग शब्दांचे एकावर एक चढलेले तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याचा एक आकडा बनवते आणि आकड्याशी आकडा जुळवते. आपलं वाक्य 12 शब्दांचं आहे. पाच-पाच शब्दांचे तुकडे पाडले तर आठ तुकडे होतात. आता ‘की’च्या जागी ‘तर’ लिहा आणि ‘बघून’च्या जागी ‘पाहून’. पाचवा शब्द बदलल्यामुळे पहिले पाच तुकडे बिघडतात, आठवा बदलल्यामुळे चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे. जुळणारा एकही तुकडा उरत नाही! वाचणाऱ्याला वाक्य जसंच्या तसं दिसतं, पण या मोजणीला ते कधी भेटलेलंच नसतं. प्रत्यक्षातली सॉफ्टवेअर याहून हुशार असतात, समानार्थी शब्दही काही प्रमाणात पकडतात. तरी अहवालातली टक्केवारी शब्दांच्या जुळणीची असते, प्रामाणिकपणाची नव्हे, हे या दोन शब्दांतून स्वच्छ कळतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजायचं नाही, असं आहे. त्यामुळे बहुतेकांचं लक्ष टक्केवारीवर खिळतं. पण एप्रिल 2020 मध्ये आयोगाने स्वतःच्याच लेखनाच्या पुनर्वापराबद्दल वेगळी सूचना काढली. तिचा रोख टक्केवारीवर नाही. आपलं आधी छापलेलं लेखन पुरेसा संदर्भ न देता वापरायचं आणि शैक्षणिक लाभासाठी ते नवं म्हणून पुढे करायचं, हे अमान्य आहे, असं ती सांगते. म्हणजे दोष ‘नवं’ या दाव्यात आहे. ‘की’चं ‘तर’ केल्याने तो दावा खरा होत नाही, उलट जुनेपणा झाकला जातो.

त्याने नुकसान काय होतं? निबंधात 40 शेतकऱ्यांच्या मुलाखती आहेत आणि प्रबंधातही 40, पण त्या त्याच आहेत हे कुठेच लिहिलेलं नाही. पुढचा अभ्यासक दोन्ही वाचून समजतो की 80 शेतकऱ्यांनी हेच सांगितलं. एकाच पुराव्याचं वजन दुप्पट होतं आणि चूक पकडायला कोणाकडेच काही धागा नसतो.

म्हणून नव्याने लिहिण्याची सुरुवात शब्दांपासून करू नये. जुना निबंध मिटून ठेवावा, मुलाखतींच्या वह्या उघडाव्यात आणि विचारावं: या प्रकरणाचा प्रश्न काय आहे? निबंधाचा प्रश्न होता, पाण्याचा आणि पेरणीचा संबंध काय. तिसऱ्या प्रकरणाचा प्रश्न आहे, हा निर्णय घेतं कोण. मग परिच्छेद असा उतरतो: ‘विहिरीतलं पाणी आणि रब्बीची पेरणी यांचा संबंध मी आधीच्या निबंधात मांडला आहे. याच 40 मुलाखती इथे वेगळ्या प्रश्नासाठी वाचल्या आहेत: विहीर भावाभावांत सामाईक असेल, तर पाणी किती दिवस पुरेल याबद्दल कोणाचा अंदाज मानला जातो?’ पहिल्या वाक्याला निबंधाचं वर्ष आणि पान जोडायचं. बघा, गहू-हरभऱ्याचं ते जुनं वाक्य पुन्हा लिहायची गरजच पडली नाही. प्रश्न बदलला की वाक्यांची रचना आपोआप बदलते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

मात्र काही परिच्छेद बदलूच नयेत. मुलाखती कशा निवडल्या, पाण्याची पातळी कशी मोजली, हा मजकूर वेगळ्या शब्दांत लिहायला गेलं की अर्थ सरकतो. ‘दर पंधरवड्याला मोजली’चं ‘नियमित मोजली’ झालं, की माहितीच गेली. तिथे मजकूर तसाच ठेवून प्रकरणाच्या सुरुवातीला स्पष्ट लिहावं की हा भाग अमुक निबंधातून घेतला आहे. निबंधाला सहलेखक असतील तर कोणता भाग कोणी लिहिला तेही नोंदवावं. प्रकाशकाला हक्क लिहून दिले असतील तर करारातली प्रबंधाबद्दलची अट वाचावी. बरेच प्रकाशक संदर्भ देण्याच्या अटीवर परवानगी देतात, पण नकाशे आणि आकृत्यांसाठी कधी कधी वेगळं पत्र लागतं. अहवालात हा भाग लाल दिसेल, तो दिसू द्यावा. स्वतःच्या प्रकाशित निबंधाशी असलेलं साम्य वगळून अहवाल काढण्याची आणि त्यासाठी मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र जोडण्याची सोय अनेक विद्यापीठांत आहे. प्रबंध जमा करण्याआधी ग्रंथालयात तिची चौकशी करावी.